24 आमची, 96 तुमची

भारतात टीव्ही विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या उत्पादनप्रमुखांना खुले पत्र



मी पवईत राहते आणि चित्रपटांचं संकलन करते. गेल्या दिवाळीत आमच्या घरी 55 इंचांचा नवा टीव्ही आला. तो कोणत्या कंपनीचा, हे लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते तुम्हा सगळ्यांनाच लागू आहे.

बसवायला आलेल्या मुलाने टीव्ही भिंतीवर चढवला, वायफाय जोडून दिलं, एक झगमगीत व्हिडिओ लावून दाखवला आणि तो गेला. त्या शनिवारी आम्ही नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लावला. आईने तो 2014 साली थिएटरात पाहिलेला होता. दहा मिनिटं ती गप्प बसली आणि मग म्हणाली, “अगं, हे मालिकेसारखं का दिसतंय? हा तोच सिनेमा आहे ना?”

माझ्या आईला फ्रेम रेट म्हणजे काय ते माहीत नाही. पण तिचा डोळा पन्नास वर्षं तयार झालेला आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, तेव्हा चाळीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथे आईसकट सगळी मुलं दाटीवाटीने बसायची. ‘गजरा’ स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर व्हायचा. तो कॅमेरा सेकंदाला 50 अर्धचित्रं घ्यायचा, एकदा विषम ओळींचं आणि एकदा सम ओळींचं, त्यामुळे हालचाल पन्नास टप्प्यांत दिसायची. ‘छायागीत’मधली गाणी सिनेमाच्या रिळांवरून आलेली. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, टीव्हीसाठी तो किंचित वेगाने, 25 चित्रांनी चालवायचे. (त्यामुळे तीन तासांचा सिनेमा टीव्हीवर सुमारे सात मिनिटं आधी संपायचा.) संच तोच, काळापांढरा रंग तोच, तरीही आवाज बंद केला तरी कोणतं स्टुडिओतलं आणि कोणतं सिनेमातलं, हे चाळीतलं कुठलंही पोर ओळखायचं. हालचालीची घनता वेगळी होती. पन्नास टप्प्यांची हालचाल म्हणजे समोर, आत्ता घडणारं. चोवीस-पंचवीस टप्प्यांची हालचाल म्हणजे सांगितली जाणारी गोष्ट. हा फरक आमच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसला आहे. तुमच्या टीव्हीने तो एका रात्रीत पुसला आणि आईने ते पकडलं.

तुम्ही काय करता हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. सिनेमाच्या दोन चित्रांमध्ये सुमारे 42 मिलिसेकंदांचं अंतर असतं. आमच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला 120 वेळा चित्र बदलू शकतो. सरळ मार्ग असा, की प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवायचं. चोवीस पंचे एकशेवीस, हिशेब पूर्ण जुळतो. त्याऐवजी तुमची चिप प्रत्येक दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये चार नवी चित्रं स्वतः तयार करून घालते. म्हणजे पूर्ण जोरावर असताना सेकंदाच्या 120 चित्रांपैकी 24 छायालेखकाची असतात आणि 96 तुमची. ‘मोशन स्मूदिंग’ म्हणतात ते हेच.

ही 96 चित्रं कशी बनतात? चिप एका चित्राचे लहान लहान चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोन पुढच्या चित्रात कुठे सरकला ते शोधते. सापडला, की मधल्या चित्रांत त्याला एक पंचमांश वाटेवर, दोन पंचमांश वाटेवर असं ठेवत जाते. माणूस मोकळ्या आभाळासमोरून सावकाश चालला असेल तर हे ठीक जमतं. पण सिनेमात असं फार थोडा वेळ असतं.

‘फँड्री’तलं शेवटाकडचं ते दृश्य आठवा. नायक जब्याचं कुटुंब पकडलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीपुढून नेतं आणि मागे त्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांसारख्या थोर माणसांची चित्रं रंगवलेली आहेत. सगळ्या सिनेमाचं वजन त्या भिंतीत आणि तिच्यापुढून जाणाऱ्या पावलांत आहे. आता चिपच्या बाजूने पाहा. चालणारा पाय पुढे सरकला, की त्याच्यामागे झाकलेला भिंतीचा तुकडा उघडा पडतो. हा तुकडा आधीच्या खऱ्या चित्रात नव्हताच, त्यामुळे तो कुठून आला याचा माग लागत नाही. चिप मग शेजारचा रंग ओढून ती जागा भरते. परिणाम असा, की माणसांच्या कडेने पाण्यावरच्या तवंगासारखं एक थरथरतं वलय चालत राहतं आणि त्या वलयात भिंतीवरच्या चेहऱ्याच्या रेषा क्षणभर वाकून पुन्हा सरळ होतात. मी ते दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिलं. प्रत्येक वेळी माझी नजर चेहऱ्यांवरून निघून त्या वलयावर गेली. दिग्दर्शकाने जिथे पाहायला सांगितलं होतं तिथून तुमच्या चिपने मला उठवलं.

त्याआधीच्या पाठलागात वेगळीच गडबड झाली. धावपळीत वस्तू दोन चित्रांमध्ये इतकी लांब जाते, की चिपच्या शोधाच्या कक्षेतच ती राहत नाही. अशा वेळी चिप हात टेकते आणि मूळ चित्रं जशीच्या तशी दाखवते. जमलं तिथे परत गुळगुळीत करते. त्यामुळे अर्धा सेकंद सगळं तेलावरून घसरतं, पुढचा अर्धा सेकंद धक्के बसतात, पुन्हा घसरतं. मग शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि धावणारं ते कुटुंब जागच्या जागी थांबतं. धाव आणि थांबणं यांच्यातला तो ताण संकलनात एकेका फ्रेमचा विचार करून बसवलेला असतो. पाठलागाची चालच दर अर्ध्या सेकंदाला बदलत असेल, तर थांबण्याला काय अर्थ उरला?

कोणी म्हणेल, चिप आणखी हुशार झाली की हे दोष जातील. वलयं जातील, कबूल. पण आई वलयांबद्दल बोललीच नव्हती. ‘मालिकेसारखं’ दिसणं हा दोषाचा परिणाम नाही, काम नीट झाल्याचा परिणाम आहे. 2012 साली पीटर जॅक्सन यांचा सेकंदाला 48 चित्रांनी चित्रित केलेला ‘द हॉबिट’ आला. ती सगळी खरी, कॅमेऱ्याने घेतलेली चित्रं होती. तरीही थिएटरातून बाहेर पडणाऱ्या कित्येकांची तक्रार तीच होती, की हे टीव्हीसारखं दिसतं, सेट सेटच वाटतो, मेकअप मेकअपच दिसतो. सेकंदाला 24 चित्रं घेताना प्रत्येक चित्र साधारण सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागापुरतं उघडं ठेवतात, म्हणून हलणाऱ्या वस्तूला थोडी पुसट कड येते. छायालेखक कॅमेरा किती वेगाने फिरवायचा ते त्या पुसटपणाचा अंदाज घेऊन ठरवतो, आणि तुकडा कुठे तोडायचा ते मीही त्यावरूनच ठरवते. 24 हा आकडा बोलपटांबरोबर पक्का झाला, कारण आवाजाची पट्टी चित्राशेजारी फिल्मवर आली आणि वेग कायम ठेवणं भाग पडलं. पण नंतरच्या नव्वदएक वर्षांत पडद्यावरची सगळी भाषा त्याच आकड्यावर उभी राहिली.

आमच्या घरापासून जवळच आयआयटी मुंबईचं आवार आहे. तिथल्या आयडीसी या डिझाइन शाळेत ॲनिमेशन शिकवलं जातं. शेजारची मुलगी तिथे शिकते. तिने हाताने काढलेली दोन मिनिटांची फिल्म आमच्या टीव्हीवर लावली आणि तिचा चेहरा पडला. हाताच्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा सेकंदाला 12 चित्रं काढतात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरतात. त्यांच्या बोलण्यात याला ‘टूज’ म्हणतात. जिथे झटका हवा तिथे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, जिथे ठहराव हवा तिथे एकच चित्र सहा-आठ फ्रेम. तिची म्हातारी सूप पाखडते. सुपाचा प्रत्येक झटका तिने तीन चित्रांत पकडला होता, मधलं काहीच न दाखवता, कारण मधलं न दाखवण्यातच झटका आहे. टीव्हीने नेमकं ते मधलं भरून काढलं. सूप रबराचं झालं, म्हातारीची मनगटं पाण्यात असल्यासारखी हलू लागली. जी चित्रं काढायची तिने विचार करून टाळली होती, ती तुम्ही काढलीत.

आता तुमची बाजू. ती आहे, आणि तिच्यात तथ्य आहे हे मी मोकळेपणाने मान्य करते.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. थिएटरातल्या प्रोजेक्टरमध्येही पाती फिरून प्रकाश मधूनमधून तोडायची. एलसीडीत चित्र पुढचं येईपर्यंत अखंड पेटलेलं राहतं. आपला डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूमागे सलग सरकत असतो. चित्र थांबलेलं आणि डोळा सरकलेला, म्हणून दृष्टिपटलावर ते फराटा ओढल्यासारखं पसरतं. मराठी बातम्यांच्या वाहिनीवर खालून धावणारी पट्टी घ्या. पडद्याच्या रुंदीत 3840 ठिपके आहेत आणि एखादं अक्षर ती रुंदी आठ सेकंदांत पार करतं, म्हणजे सेकंदाला 480 ठिपके. पडदा सेकंदाला 50 वेळा बदलत असेल तर प्रत्येक चित्रामागे अक्षर साडेनऊ ठिपके पसरतं. गंमत म्हणजे शिरोरेघ स्वच्छ राहते, कारण ती धावण्याच्या दिशेतच आहे. जाड होतो तो काना. वेलांटी आणि मात्रा एकमेकींत मिसळतात आणि आईला मथळा वाचता येत नाही. पडदा सेकंदाला 100 वेळा बदलला आणि दर वेळी अक्षर खरोखर नव्या जागी असलं, तर हा फराटा निम्मा होतो. तेच चित्र दोनदा दाखवून तो कमी होत नाही, नवं चित्रच लागतं. प्रक्षेपणात ते नसतं, म्हणून तुम्ही ते तयार करता. बातम्यांच्या पट्टीसाठी आणि सीमारेषेकडे धावणाऱ्या क्षेत्ररक्षकासाठी हा उपाय कामाचा आहे. ही सोय जन्माला आली ती या खऱ्या अडचणीतून.

ओएलईडी पडद्याची अडचण आणखी वेगळी. तिथे ठिपका इतक्या चटकन बदलतो, की 24 चित्रांच्या सिनेमात कॅमेरा फिरला की उजळ भागांत पायऱ्या पडल्यासारखं दिसतं. पडदा जितका मोठा आणि प्रखर, तितकं ते जास्त जाणवतं. म्हणून सौम्य पातळीवरची सोय तुम्ही ठेवता आणि ज्यांना त्या पायऱ्यांनी डोकं दुखतं त्यांनी ती वापरावी. माझी त्याला हरकत नाही.

पण ही सोय सिनेमासकट सगळ्यावर आधीपासूनच चालू का ठेवता? त्याचं उत्तर दुकानात आहे. भिंतीवर वीस टीव्ही शेजारी शेजारी लावलेले, वर ट्यूबलाइटचा लखलखाट, आणि गिऱ्हाईक प्रत्येकापुढे मिनिटभर उभं राहतं. त्या मिनिटात जो सर्वात भडक आणि सर्वात गुळगुळीत दिसेल तो विकला जातो. शिवाय 120 हर्ट्झचे जादा पैसे घेतलेत, तर 24 चित्रांच्या सिनेमातही ते पैसे ‘दिसायला’ हवेत. ही सोय बंद असेल तर तुमचा महागडा पडदा आणि साधा पडदा सिनेमा दाखवताना गिऱ्हाइकाला सारखेच वाटण्याचा धोका आहे. म्हणजे निर्णय दुकानातल्या एका मिनिटासाठी घेतलेला असतो आणि तो आमच्या हॉलमध्ये दहा वर्षं राहायला येतो.

हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही असंही नाही. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करायला सांगितलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये यूएचडी अलायन्सने Filmmaker Mode जाहीर केला, ज्यात ही सोय बंद आणि चित्र मुळाबरहुकूम. तुमच्यापैकी अनेकांनी तो दिला आहे. चांगलं केलंत. पण तो बहुधा निवडावा लागतो आणि तो आहे हे कुणी सांगत नाही. दुसरं असं, की तो मुळात अंधाऱ्या खोलीसाठी ठरवलेला आहे. आमच्या हॉलची खिडकी पवई तलावाकडे उघडते. दुपारी पाण्यावरून येणारा उजेड थेट पडद्यावर येतो आणि त्या मोडमध्ये चित्र इतकं मंद वाटतं, की घरातले पाच मिनिटांत पुन्हा Standard लावतात, आणि त्याच्याबरोबर गुळगुळीतपणाही परत येतो. उजेड आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ एकाच बटणाला मारू नका.

तुम्ही काही करेपर्यंत लोकांनी काय करायचं, तेही इथेच लिहिते, कारण आमच्या इमारतीत मी हे काम घरोघरी जाऊन केलं आहे आणि प्रत्येक घरी वेगळा शब्द शोधावा लागला. सॅमसंगमध्ये ते Picture Clarity Settings च्या आत आहे, जुन्या संचांत त्याचं नाव Auto Motion Plus. एलजीत TruMotion, सोनीत Motionflow, इतर अनेक संचांत MEMC. सगळीकडे चित्राच्या सेटिंगमध्ये आत, दोन-तीन पायऱ्या खाली. सापडलं की Off करायचं.

एवढ्यावर काम झालं असं समजू नये. एका घरी मी सेट-टॉप बॉक्स चालू असताना टीव्हीतली ही सोय बंद केली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, “ताई, ते परत आलं.” ते गेलंच नव्हतं. ते टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा पाहत होते आणि तिथलं सेटिंग वेगळं लक्षात ठेवलेलं असतं. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजनचं आणखी वेगळं. म्हणून ज्या वाटेने सिनेमा पाहता ती वाट चालू करून, सिनेमा सुरू असतानाच सेटिंग बंद करावं. बंद झालं की नाही हे पाहायची सोपी खूण शेवटच्या श्रेयनामावलीत आहे. खालून वर जाणारी नावं 24 चित्रांत किंचित थरथरत, टप्प्याटप्प्याने चढली पाहिजेत. काचेवरून पाणी ओघळावं तशी ती सरकत असतील तर सोय चालूच आहे.

आमच्या घरी ती बंद केल्यावर आईची दुसरी तक्रार आली, की आता कॅमेरा फिरला की अडखळल्यासारखं होतं. तिचं हेही खरं होतं. सिनेमा टीव्हीच्या ॲपमधून न लावता बाहेरच्या छोट्या डोंगलमधून लावला होता आणि ते उपकरण काहीही चालू असलं तरी सेकंदाला 60 चित्रंच पाठवत होतं. 24 ने 60 ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीन वेळा, पुढचं दोन वेळा, पुन्हा तीन वेळा असं जातं. एक चित्र 50 मिलिसेकंद टिकतं आणि पुढचं 33, म्हणून चाल लंगडते. गुळगुळीत करणारी सोय हा लंगडेपणा झाकत होती, ती काढल्यावर तो उघडा पडला. त्यावरचा इलाज डोंगलमध्येच आहे. Match Frame Rate किंवा तशाच नावाचं सेटिंग चालू केलं, की सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो आणि मग उपकरण खरी 24 चित्रं पाठवू लागतं. तो काळा क्षण बिघाड नाही.

आता मागणं. पहिल्यांदा टीव्ही चालू होतो तेव्हा तुम्ही भाषा विचारता, वायफाय विचारता, जाहिरातींसाठी आमची माहिती वापरायची परवानगी मागता. तिथेच आणखी एक पडदा घाला. एकाच दृश्याचे दोन तुकडे शेजारी दाखवा, एक जसा चित्रित झाला तसा आणि एक तुम्ही गुळगुळीत केलेला, आणि मराठीत विचारा, सिनेमा कसा पाहायचा? ज्यांना दुसरा आवडेल त्यांनी तो घ्यावा. येणारं चित्र सेकंदाला 24 चं आहे की 50 चं, हे तुमच्या चिपला समजतं, त्याशिवाय तिला मधली चित्रं बनवताच येणार नाहीत. मग 50 च्या क्रिकेटला आणि बातम्यांना ही सोय आपोआप लागू करणं आणि 24 च्या सिनेमाला आपोआप हात न लावणं, यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. या सोयीला सगळ्यांनी मिळून एकच नाव द्या, म्हणजे मला प्रत्येक घरी नवा शब्द शोधावा लागणार नाही. आणि बसवायला येणाऱ्या मुलाला, तो झगमगीत व्हिडिओ दाखवून झाल्यावर, हा एक प्रश्न विचारायला शिकवा. भिंतीवर टीव्ही चढवायला त्याला तास लागतो. या प्रश्नाला अर्धं मिनिट लागेल.

आईने ‘फँड्री’ परवा पुन्हा लावायला सांगितला. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो आपल्याच दिशेने येतो. दिवाळीत तो दगड पडद्यावर ताणला गेला होता, कडा विरघळलेला एक राखाडी डाग होऊन आला होता. परवा तो दगड होता. आई मागे सरकली.

कळावे,

आपली,
एक संकलक,
पवई, मुंबई